टीव्हीचा उजेड कोण कमीजास्त करतो?

टीव्हीच्या खालच्या पट्टीवर, बहुतेक वेळा कंपनीच्या नावाच्या आसपास, एक छोटी काळसर चकचकीत खिडकी असते. रिमोटचे किरण टिपणारा भाग तिच्यामागे असतो हे सर्वांना ठाऊक असते. पुष्कळ टीव्हींमध्ये त्याच खिडकीमागे आणखी एक भाग बसवलेला असतो आणि तो खोलीतला उजेड मोजत असतो. त्याला अँबियंट लाइट सेन्सर किंवा नुसते लाइट सेन्सर म्हणतात. संध्याकाळी दिवा लावला, दुपारी पडदा ओढला, कोणी समोरून गेले, की काही सेकंदांनी पडद्याचा उजेड बदलतो, त्यामागे बहुधा हा सेन्सर असतो. बहुधा एवढ्यासाठी, की टीव्हीचा उजेड आपोआप कमीजास्त करणाऱ्या आणखीही काही यंत्रणा आत असतात, आणि त्या एकमेकींना विचारून काम करतातच असे नाही. एका आमटीत तिघांनी मीठ घालावे तसा प्रकार होतो. कोणाचा हात पडला हे ओळखता आले, की उपाय मेनूतल्या एखाद्या बटणाचा असतो.

सेन्सरचे मूळ साधे आहे. तो काही मिलिमीटरचा सिलिकॉनचा तुकडा असतो. त्यावर प्रकाश पडला की पडलेल्या प्रकाशाच्या प्रमाणात अत्यंत सूक्ष्म विद्युतप्रवाह निर्माण होतो, आणि शेजारचे सर्किट त्याचा आकडा करून टीव्हीच्या मुख्य चिपला कळवते. अडचण एवढीच, की सिलिकॉनला माणसाच्या डोळ्याला न दिसणारे अवरक्त किरणही चांगले जाणवतात. जुना पिवळा बल्ब आणि खिडकीतले ऊन या दोन्हींत असे किरण भरपूर असतात, त्यामुळे उघड्या सिलिकॉनला बल्बची खोली डोळ्याला वाटते त्यापेक्षा कितीतरी उजळ वाटेल. म्हणून सेन्सरवर गाळणी बसवतात. माणसाचा डोळा भर उजेडात सर्वांत तीव्रतेने पाहतो तो 555 नॅनोमीटरच्या आसपासचा पोपटी-हिरवा रंग. सेन्सरनेही त्याच रंगाला जास्त वजन द्यावे आणि अवरक्त किरण सोडून द्यावेत, अशी ही योजना असते.

मोजमाप होते ते लक्स या एककात. लक्स म्हणजे एखाद्या पृष्ठभागावर किती प्रकाश पडतो त्याचे माप. रात्री एक ट्यूबलाइट लावलेल्या दिवाणखान्यात साधारण 50 ते 150 लक्स असतात. दिवसा खिडकीजवळ काहीशे लक्स सहज भरतात आणि भर उन्हात आकडा लाखाच्या घरात जातो. दिवे मालवून सिनेमा लावला, तर खोलीत पाच-दहा लक्सदेखील उरत नाहीत. टीव्हीच्या दृष्टीने खरी नाजूक मोजणी याच खालच्या टोकाला, शंभर लक्सच्या आतच असते.

हा खटाटोप कशासाठी, हे परावर्तनाचा हिशेब मांडला की समजते. पडद्यातून बाहेर पडणारा उजेड निट या एककात मोजतात. साधा एलईडी टीव्ही पांढऱ्या चित्राला तीनेकशे निट देतो असे धरू. त्याच चित्रपटातल्या रात्रीच्या प्रसंगात नायकाच्या काळ्या कोटाच्या चुण्या मात्र अर्ध्या निटच्या आसपास असतात. आता खोलीतला उजेडही पडद्यावर पडतो आणि त्यातला थोडा परत फिरतो. पडद्यावर 200 लक्स पडत असतील आणि त्यातले दोन टक्के सर्व दिशांना विखरून परत येत असतील, तर पडद्यावर सव्वा निटच्या आसपास एक राखाडी थर कायम पसरलेला राहतो. अर्ध्या निटच्या चुण्या या थरात बुडून जातात आणि कोट म्हणजे नुसता काळा डाग दिसतो. खोलीत 10 लक्सच असतील, तर तोच थर निटच्या पंधराव्या-सोळाव्या हिश्श्याइतका उरतो आणि चुण्या स्पष्ट दिसतात. पण त्या अंधारात तीनशे निटचा पांढरा प्रसंग आला की डोळे दिपतात. दुपारी योग्य वाटणारा उजेड रात्री जास्त होतो आणि रात्रीचा दुपारी अपुरा पडतो. एकच ठरावीक आकडा दोन्ही वेळांना चालत नाही, म्हणून सेन्सर.

एलसीडी जातीच्या टीव्हीत, म्हणजे दुकानात एलईडी म्हणून विकल्या जाणाऱ्या बहुतेक टीव्हींत, उजेड येतो तो पडद्यामागच्या एलईडींच्या पट्ट्यांतून. त्याला बॅकलाइट म्हणतात. सेन्सर बदलतो तो हा बॅकलाइट. मेनूतली Brightness नावाची पट्टी पुष्कळ टीव्हींत बॅकलाइटची नसून चित्रातल्या काळ्या भागाची पातळी ठरवणारी असते. ती वाढवली की चित्र उजळण्याऐवजी काळा रंग धुरकट होतो. उजेड कमी वाटतो म्हणून लोक तीच पट्टी शंभरावर नेतात आणि चित्र आणखी फिके करून घेतात. नव्या टीव्हींत काही कंपन्यांनी Brightness हेच नाव खऱ्या उजेडाला दिले आहे आणि काळ्याची पातळी Black Level म्हणून वेगळी ठेवली आहे, त्यामुळे नावावर विसंबण्यापेक्षा पट्टी हलवून पाहिलेले बरे. काळे भाग धुरकट होत गेले तर ती काळ्याची पट्टी, सगळे चित्रच उजळले तर ती बॅकलाइटची.

सेन्सरने आकडा दिला की टीव्ही तो जसाच्या तसा बॅकलाइटला लावत नाही. माणसाच्या डोळ्याला उजेडातला फरक प्रमाणात कळतो. 10 लक्सचे 20 झाले तर जेवढे जाणवते, साधारण तेवढेच 100 चे 200 झाले तर जाणवते. म्हणून टीव्हीच्या आतला तक्ताही असाच चढतो. खालच्या टोकाला थोड्याशा फरकानेही बॅकलाइट बरीच हलते, वरच्या टोकाला शेकडो लक्सनी फरक पडत नाही. दुसरी गोष्ट वेळेची. आपल्याकडच्या विजेची वारंवारता 50 हर्ट्झ असल्याने जुनी ट्यूब किंवा स्वस्त एलईडी दिवा सेकंदाला शंभर वेळा मंद-तेज होत असतो. डोळ्याला ते कळत नाही, पण घाईने मोजणाऱ्या सेन्सरला कळते. म्हणून सेन्सर पुरेसा वेळ प्रकाश गोळा करून त्याची सरासरी घेतो. त्यानंतरही टीव्ही लगेच हलत नाही. बदल काही सेकंद टिकला तरच तो खरा मानायचा आणि मग बॅकलाइट हळूहळू सरकवायची, अशी रीत असते. शिवाय वर जाण्याची आणि खाली येण्याची सीमा थोडी वेगळी ठेवतात, म्हणजे आकडा नेमका सीमेवर घुटमळत असला तरी पडदा लुकलुकत नाही. चांगल्या टीव्हीत हे सरकणे लक्षातही येत नाही. स्वस्त टीव्हीत मात्र पायऱ्या मोजक्या असतात आणि प्रत्येक पायरी डोळ्यात भरते. ‘उजेड आपोआप बदलतो’ या तक्रारीत पुष्कळदा बदलण्यापेक्षा असे धक्क्याने बदलणेच खटकत असते.

आता इको मोड. सेन्सर आणि इको मोड ही एकच गोष्ट नाही, जरी मेनूत त्या एकाच पानावर असल्या तरी. लाइट सेन्सर खोली पाहून उजेड ठरवतो. इको किंवा पॉवर सेव्हिंग हे सरळ कमाल उजेडावर झाकण घालते, खोली कशीही असो. काही टीव्हींत इकोच्या ‘ऑटो’ पर्यायात ही दोन्ही कामे एकत्र होतात, आणि मग सेन्सरला खोली उजळ दिसली तरी झाकणापलीकडे उजेड जात नाही. भर दुपारी सेन्सर चालू असूनही चित्र मंद दिसते त्याचे हे एक नेहमीचे कारण आहे.

नवा टीव्ही पेटीतून काढला की या दोन्ही गोष्टी आधीच चालू का असतात, याचे उत्तर ऊर्जेच्या नियमांत आहे. टीव्हीची वीज मोजताना तो कारखान्यातून येतो त्या मांडणीत मोजला जातो. युरोपीय संघाच्या 2019 च्या आणि 1 मार्च 2021 पासून लागू झालेल्या नियमांत सेन्सरचे गणित बारकाईने लिहिलेले आहे. सेन्सरवर 100 लक्स पडत असताना पडद्याचा जो उजेड असेल, त्याच्या तुलनेत 60 लक्सला तो 65 ते 95 टक्के, 35 लक्सला 50 ते 80 टक्के आणि 12 लक्सला 35 ते 70 टक्के असला पाहिजे. शिवाय 100 वरून 12 लक्सवर येताना विजेचा वापर निदान 20 टक्क्यांनी उतरला पाहिजे. एवढे जमले आणि सेन्सर सुरुवातीपासून चालू ठेवला, तर हिशेबात टीव्हीच्या मोजलेल्या विजेतून 10 टक्के सूट मिळते. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने 2013 मध्ये ठरवलेल्या चाचणीतही सेन्सर असलेला टीव्ही 100, 35, 12 आणि 3 लक्स अशा चार उजेडांत मोजून सरासरी काढायची पद्धत होती. थोडक्यात, खालच्या टोकाला टीव्हीने किती मंद व्हावे यात पाहणाऱ्याच्या डोळ्यांइतकाच वाटा चाचणीच्या आकड्यांचा असतो. मोठ्या कंपन्या एकच सॉफ्टवेअर थोडेफार बदलून अनेक देशांत विकतात, त्यामुळे ही सवय ठाण्या-नाशिकच्या दिवाणखान्यातही येऊन पोहोचते.

याच चाचण्यांतून एक वादही निघाला. काही टीव्हींत वेगाने हलणाऱ्या चित्राच्या वेळी पडदा मंद करणारी सोय असते, कारण धावपळीच्या दृश्यात उजेड उतरला तरी तो तितकासा जाणवत नाही. अमेरिकेतल्या एनआरडीसी या पर्यावरण संस्थेने 2016 मध्ये दाखवून दिले, की चाचणीसाठी वापरायची चित्रफीत झपाझप बदलणाऱ्या छोट्या प्रसंगांची असल्याने अशी सोय चाचणीत भरपूर वीज वाचवते, घरातल्या नेहमीच्या कार्यक्रमांत मात्र ती फारसे काही करत नाही. शिवाय ग्राहकाने चित्राचा मोड बदलला, की काही टीव्हींत या बचतीच्या सोयी गुपचूप बंद होत. म्हणजे पट्टीवरचा आकडा एका टीव्हीचा आणि घरात चाललेला टीव्ही जवळपास दुसराच.

बचत किती होते हे मात्र स्वतः काढून पाहण्यासारखे आहे. 43 इंची एलईडी टीव्ही 80 वॅट घेतो असे धरू. त्यातले 20 वॅट चिप, आवाज आणि इतर सर्किटांना लागतात, बाकीचे 60 बॅकलाइटला. सेन्सरने रात्री बॅकलाइट 40 टक्क्यांनी उतरवली तर 24 वॅट वाचले. रोज पाच तास टीव्ही चालला तर महिन्याला 3.6 युनिट होतात. आठ रुपये युनिट धरले तर एकोणतीस रुपये. ही रक्कम काही घर चालवणारी नाही. पण 65 किंवा 75 इंची टीव्हीला, जिथे बॅकलाइटच दीडशे वॅटच्या वर जाते, हिशेब अडीच-तीन पटींनी वाढतो. आणखी एक फायदा बिलात दिसत नाही: एलसीडी टीव्ही बिघडण्यात बॅकलाइटच्या एलईडी जळण्याचा मोठा वाटा असतो, त्या जळतात उष्णतेने, आणि मंद चालणारी बॅकलाइट कमी तापते. टीव्ही दुरुस्त करणारे कारागीर नवी पट्टी बसवल्यावर बॅकलाइट थोडी उतरवून ठेवायला सांगतात ते याचसाठी.

नियम कागदावर चोख आहे. घोटाळा होतो तो सेन्सर जिथे बसतो त्या जागेमुळे. पाहणारा बसतो सोफ्यावर आणि सेन्सर असतो टीव्हीच्या खालच्या कडेला, पाहणाऱ्याकडे तोंड करून. दोघांना दिसणारी खोली वेगळी असते. पुष्कळ घरांत ट्यूबलाइट टीव्हीच्याच भिंतीवर, वरच्या बाजूला असते. सोफ्यावर बसलेल्याच्या डोळ्यांत ती थेट येते. सेन्सरला ती दिसतच नाही, कारण ती त्याच्या वर आणि मागे आहे. त्याला दिसते समोरची भिंत, गडद पडदा आणि फरशी. सोफ्यावर 120 लक्स असताना सेन्सर 30 लक्स कळवतो, टीव्ही खोली अंधारी समजून उजेड निम्म्यावर आणतो आणि घरचे म्हणतात, चित्र काळपट येते. टीव्ही भिंतीतल्या शोकेसच्या खणात बसवला असेल तर खणाच्या कडांची सावली आणखी भर घालते.

साउंडबारने तर हमखास घोळ होतो. तो टीव्हीसमोर ठेवला की खिडकी अर्धी झाकली जाते. अशा वेळी एक सोपी खूण असते: रिमोट हात उंचावून किंवा तिरका धरूनच चालतो. रिमोटचा डोळा आणि उजेडाचा डोळा शेजारी असल्याने एक झाकला की दुसराही झाकला जातो. मात्र ब्लूटूथवर चालणाऱ्या रिमोटला ही खूण लागू नाही. तिथे बटण बिनबोभाट चालते आणि सेन्सर बिचारा अंधारात राहतो.

दिवे पूर्ण मालवलेल्या खोलीत एक वेगळीच गंमत होते: टीव्ही स्वतःचाच उजेड मोजू लागतो. 43 इंची पडदा साधारण अर्धा चौरस मीटर भरतो. पडदाभर पांढरे चित्र 200 निटला असेल, तर तीन मीटरवरच्या भिंतीवर त्याचे अकराएक लक्स पडतात आणि त्यातले थोडे परत सेन्सरकडे येतात. ट्यूब चालू असताना ही भर नगण्य असते. अंधारात मात्र एकूण हिशेबच दोन-तीन लक्सचा असतो, आणि तक्ता याच टोकाला सर्वांत चपळ असतो. टीव्हीखाली पांढऱ्या सनमायकाचे कपाट किंवा समोर काचेचे टीपॉय असले तर परतणारा उजेड वाढतो. मग उजळ प्रसंगाने सेन्सर चढतो, सेन्सरने पडदा चढतो, काळोखा प्रसंग आला की दोन्ही उतरतात, आणि रात्रीचा प्रसंग असायला हवा त्याहून काळा होतो. चांगल्या टीव्हीचे सॉफ्टवेअर स्वतःचा उजेड वजा करण्याचा प्रयत्न करते, पण टीव्ही कोणत्या खोलीत जाणार हे त्याला आधी ठाऊक नसते.

सणासुदीची गोष्ट वेगळी सांगायला हवी. गणपतीची आरास टीव्हीशेजारी किंवा समोर मांडली आणि त्यात लुकलुकणारी माळ असली, तर सेन्सरला खोलीचा उजेड दर काही सेकंदांनी खराच बदलताना दिसतो. झपाझप लुकलुकणारी माळ सरासरीत विरून जाते. हळूहळू मंद-तेज होणारी माळ मात्र टीव्हीने ठेवलेल्या सबुरीच्या वेळेशी जुळते आणि पडदा तिच्याबरोबर श्वास घेऊ लागतो. दिव्याखालून फिरणाऱ्या पंख्याच्या पात्यांवरही संशय घेतला जातो, पण तीन पात्यांचा पंखा मिनिटाला तीनशे फेरे घेत असला तर सावली सेकंदाला पंधरा वेळा पडते. एवढ्या वेगाच्या बदलाला बहुतेक टीव्ही दाद देत नाहीत.

इथवर सगळे खोलीचे झाले. उजेड बदलण्याचे दुसरे मोठे कारण चित्र स्वतः असते, आणि इथे सेन्सरचा काही संबंध नसतो. एलसीडी टीव्ही काळे प्रसंग अधिक काळे दाखवण्यासाठी बॅकलाइट प्रसंगानुसार उतरवतो. महागड्या टीव्हीत बॅकलाइटचे शेकडो तुकडे असतात आणि हवा तोच तुकडा मंद होतो. स्वस्त टीव्हीत सगळी बॅकलाइट एकदम खाली-वर होते. काळ्या पार्श्वभूमीवर पांढरी श्रेयनामावली सरकत असताना अक्षरे मंद-तेज होताना दिसली, तर ती ही यंत्रणा. मेनूत ती Local Dimming, Dynamic Contrast, Contrast Enhancer अशा नावांनी असते, चित्राच्या पानावर, आणि इको मोड बंद केला तरी ती चालूच राहते. सेन्सर बंद करूनही उपयोग झाला नाही अशी तक्रार करणाऱ्यांचा रोख नेमका इथे चुकलेला असतो.

ओएलईडी टीव्हीचे तंत्र आणखी निराळे. तिथे बॅकलाइट नसते, प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो, आणि सगळे ठिपके एकदम पूर्ण उजळले तर वीज आणि उष्णता दोन्ही मर्यादेबाहेर जातात. म्हणून पडद्याचा जितका मोठा भाग पांढरा, तितका एकूण उजेड उतरवला जातो. बर्फाळ मैदानाचे दृश्य किंवा पांढरे वेबपान लागले की ओएलईडी एकदम दबलेला वाटतो तो यामुळे, आणि हे बंद करण्याची सोय सहसा ग्राहकाला दिलेली नसते. दुसरे, चित्र काही मिनिटे फारसे हलले नाही तर ठिपक्यांची झीज टाळण्यासाठी ओएलईडी हळूहळू मंद होतो. बुद्धिबळाचा सामना, शेअर बाजाराची पाटी किंवा एकाच चौकटीत चाललेली मुलाखत पाहताना हे घडते. कॅमेरा बदलला की उजेड झटकन परत येतो. सेन्सरचे बदल कधीच असे चित्राच्या कटाबरोबर येत नाहीत, हा फरक लक्षात ठेवण्यासारखा आहे.

अलीकडच्या काळात एचडीआर चित्रांमुळे हा गुंता वाढला. एचडीआरच्या मूळ पद्धतीत प्रत्येक ठिपक्याला किती निट द्यायचे हे चित्रातच लिहिलेले असते, आणि ते काळोख्या खोलीत बसून ठरवलेले असते. उजळ दिवाणखान्यात त्यामुळे एचडीआर चित्रपट नेहमीच्या चॅनेलपेक्षाही काळा वाटतो. नुसता बॅकलाइट वाढवून हे सुटत नाही, कारण एचडीआरमध्ये तो बहुधा आधीच टोकाला असतो. उपाय म्हणून 2020 च्या सुरुवातीला डॉल्बी व्हिजन आयक्यू आले आणि 2021 मध्ये एचडीआर10 प्लस अ‍ॅडॅप्टिव्ह. या दोन्हींत सेन्सरचा आकडा वापरून चित्राचे काळोखे भाग तेवढे उचलले जातात, उजळ भाग तसेच राहतात. सेन्सरचा हा सर्वांत शहाणा वापर म्हणावा लागेल; कोटाच्या चुण्या यातच परत दिसतात. सेन्सर बंद केला की ही सोयही बंद पडते, हे मात्र लक्षात ठेवावे लागते.

कोणती यंत्रणा उजेड बदलते हे ओळखायला एक उदाहरण घेऊ. एका घरात 55 इंची एलईडी टीव्ही आहे आणि तक्रार अशी: क्रिकेटचा सामना छान दिसतो, पण रात्री मालिका किंवा चित्रपट लावला की चित्र कधी उजळते, कधी काळवंडते. पहिली पायरी, चित्र थांबवायचे. मध्यम उजेडाचा एखादा प्रसंग पाहून पॉज दाबायचा आणि खोलीत काहीही न हलवता मिनिटभर पाहायचे. उजेड स्थिर राहिला, तर निदान एवढे कळले की टीव्ही आपण होऊन लुकलुकत नाही. दुसरी पायरी, थांबलेल्या चित्रावरच सेन्सरची खिडकी बोटाने पूर्ण झाकायची आणि अर्धा मिनिट तशीच धरायची. उजेड उतरला तर सेन्सर चालू आहे. मग बोट काढून मोबाइलचा टॉर्च त्या खिडकीवर धरायचा. उजेड चढला तर खात्री पटली, आणि चढायला किती सेकंद लागले त्यावरून टीव्हीची सबुरीही कळली.

या घरात बोट ठेवल्यावर उजेड ठळकपणे उतरला, म्हणजे सेन्सर कामात आहे. पण कथा इथे संपत नाही. मेनूतून सेन्सर बंद केला, पुन्हा चित्रपट लावला, आणि काळोख्या प्रसंगात चित्र अजूनही दबतेच आहे. पुन्हा पॉज केला तर स्थिर. याचा अर्थ उरलेला बदल चित्राच्या मागे चालला आहे, आणि तो Dynamic Contrast किंवा तत्सम सोय बंद केल्यावर थांबला. दोन यंत्रणा एकाच दिशेने ओढत होत्या. रात्री सेन्सरने बॅकलाइट निम्मी केली होती आणि त्यातल्या काळोख्या प्रसंगांत कॉन्ट्रास्टच्या सोयीने आणखी उतरवली होती. हिरव्यागार मैदानाच्या सामन्यात दुसरीला काम नव्हते, म्हणून सामना छान दिसत होता. शेवटी या घराला योग्य ठरली ती मांडणी अशी: कॉन्ट्रास्टची सोय बंद, साउंडबार चार बोटे खाली, आणि सेन्सर पुन्हा चालू. खिडकी मोकळी झाल्यावर सेन्सरने दिलेला उजेड कोणालाच खटकला नाही.

मेनूतली नावे कंपनीगणिक बदलतात. सॅमसंगमध्ये ही बटणे Power and Energy Saving या पानावर असतात: खोलीच्या उजेडाचे Brightness Optimization, सरसकट उतरवणारे Brightness Reduction आणि हलत्या चित्राचे Motion Lighting. एलजीमध्ये Energy Saving Step मध्ये Auto निवडले की सेन्सर चालतो, आणि AI Brightness हे वेगळे बटण चित्राच्या एआय सोयींत असते. सोनीमध्ये Light sensor किंवा Ambient light sensor चित्राच्या मांडणीत सापडतो. पुष्कळ टीव्ही चित्राची मांडणी प्रत्येक एचडीएमआय जोडणीसाठी, आणि साध्या व एचडीआर चित्रांसाठी वेगवेगळी लक्षात ठेवतात. सेटटॉप बॉक्सवर केलेला बदल ओटीटी अ‍ॅपमध्ये दिसला नाही तर टीव्ही बिघडलेला नसतो. तिथे तो पुन्हा करावा लागतो. सॉफ्टवेअरच्या अपडेटनंतर किंवा चित्राचा मोड बदलल्यावर बंद केलेली सोय कधी कधी परत चालू झालेली आढळते.

पहिल्यांदा टीव्ही लावताना तो विचारतो, घर की दुकान. दुकान निवडले, तर टीव्ही भगभगीत प्रदर्शनाच्या मांडणीत जातो, उजेड टोकाला राहतो आणि घरी केलेले बदल थोड्या वेळाने आपोआप पुसले जातात. वापरलेला किंवा प्रदर्शनातला टीव्ही घेतला असेल, तर हे आधी तपासावे.

सगळ्या सोयी बंद केल्यावर आणि चित्र थांबवल्यावरही उजेड हलत राहिला, तर मात्र बिघाडाकडे पाहावे लागते. अशा वेळी टीव्हीचा स्वतःचा मेनूही चित्राबरोबर लुकलुकतो, किंवा पडद्याचा एखादा पट्टा बाकीच्यापेक्षा मंद राहतो. घरातला विजेचा दाब थोडाफार खाली-वर झाल्याने असे सहसा होत नाही, कारण आजच्या टीव्हींचा वीजपुरवठा साधारण 100 ते 240 व्होल्टमध्ये सारखाच चालतो. दोष बहुधा बॅकलाइटच्या पट्टीत किंवा तिला वीज देणाऱ्या सर्किटमध्ये असतो. आवाज येतो पण पडदा पूर्ण काळा झाला असेल, तर अंधारात टॉर्च पडद्याच्या अगदी जवळ, थोडा तिरका धरून पाहावे. पुसट चित्र हलताना दिसले, तर पडदा शाबूत आहे आणि बॅकलाइट गेली आहे. ती बदलता येते, आणि कारागीर नवा पडदा टाकायला सांगत असेल तर ही खूण त्याला दाखवता येते.